नव्या पॅनेलच्या तिसऱ्या लॉटला किती तास धरावेत? लर्निंग कर्व्हचा हिशेब

भोसरीकर

नमस्कार. आमचे पॅनेल जुळणीचे छोटे युनिट आहे. एका ग्राहकासाठी पंपाच्या नियंत्रण पॅनेलचे नवे मॉडेल आम्ही नुकतेच सुरू केले. सगळा माल ग्राहक देतो. आमच्याकडे डिन रेल व डक्ट बसवणे, वायरिंग, फेरूल घालणे, क्रिम्पिंग आणि टेस्टिंग एवढेच काम असते. त्यामुळे आमचा दर म्हणजे माणूस-तास गुणिले तासाचा दर, आणि तो ओव्हरहेडसह २५० रुपये ठरलेला आहे.

पहिला लॉट १० पॅनेलचा होता, त्याला ३०० तास लागले. दुसराही १० चाच, त्याला २१० तास लागले. आता ग्राहकाला आणखी ६० पॅनेल हवी आहेत. त्यांच्या परचेस विभागाचे म्हणणे असे, की पहिल्या लॉटला नगामागे ३० तास आणि दुसऱ्याला २१, म्हणजे एकूण नग दुप्पट होताना तास ७० टक्क्यांवर येतात, तुमचा लर्निंग कर्व्ह ७० टक्क्यांचा आहे. तोच पुढे चालवला तर त्यानंतरच्या २० पॅनेलना नगामागे १४.७० तास आणि शेवटच्या ४० ना १०.२९ तास पुरेत. साठांची सरासरी ११.७६ येते आणि त्याच तासांवर त्यांना कोटेशन हवे आहे.

माझ्या वायरमनांकडे पाहता हे काम ११.७६ तासांत होईल असे मला वाटत नाही. मात्र त्यांच्या गणितात चूक नेमकी कुठे आहे, ते मला मांडता येत नाही. लॉटमध्ये काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाळूजकर

परचेसवाले असेच करतात, त्यांच्या आकड्याने घाबरून जाऊ नका. आमच्याकडे सरळ नियम आहे: प्रत्येक नवीन लॉटला मागच्या लॉटपेक्षा १५ टक्के कमी आणि तीन-चार लॉटनंतर दर स्थिर. तुमच्या बाबतीत २१ चे ८५ टक्के म्हणजे १७.८५ होतात. साठही पॅनेलना तेवढेच धरा आणि त्याखाली उतरू नका.

कॉस्टवाली

वाळूजकर, तुमचे १७.८५ हे उत्तर एका अर्थी बरोबर आहे, पण ते फक्त पुढच्या २० पॅनेलना लागू होते. आणि "प्रत्येक लॉटला १५ टक्के" या नियमातून ते येत नाही. हा परिणाम लॉटच्या संख्येवर अवलंबून नसून आजवर एकूण किती नग झाले त्यावर असतो. एकूण नग दुप्पट झाले की तास ठरावीक प्रमाणात उतरतात. दहाचे वीस व्हायला दहाच नग लागतात, वीसाचे चाळीस व्हायला वीस, चाळीसाचे ऐंशी व्हायला चाळीस. म्हणून सुरुवातीला तास झपाट्याने पडताना दिसतात आणि पुढे तेवढीच घट मिळवायला कितीतरी जास्त पॅनेल करावी लागतात. दहा-दहाचेच लॉट येत राहिले, तर तुमच्या नियमाने तास फार लवकर खाली येतील आणि चौथ्या-पाचव्या लॉटला तुमचेच नुकसान होईल.

भोसरीकर, आता तुमच्या ग्राहकाची चूक पाहू. लर्निंग कर्व्हची टक्केवारी काढण्याची रूढ पद्धत, म्हणजे टी. पी. राइट यांनी १९३६ साली विमानांच्या खर्चावरील लेखात मांडलेली पद्धत, पहिल्या नगापासून आजपर्यंतच्या एकत्रित सरासरीवर चालते. तुमच्या पहिल्या दहांची सरासरी ३० आहे. पहिल्या वीसांचे एकूण तास ५१०, म्हणजे सरासरी २५.५. नग दुप्पट झाले आणि सरासरी ३० वरून २५.५ वर आली, म्हणून तुमचा कर्व्ह ८५ टक्क्यांचा ठरतो.

मग ७० हा आकडा कुठून आला? एकत्रित सरासरी ८५ टक्क्यांवर यायची असेल, तर नव्याने केलेल्या दहा नगांची सरासरी आधीच्या एकत्रित सरासरीच्या ७० टक्के यावीच लागते, हे साधे अंकगणित आहे. पहिल्या लॉटच्या आधी काहीच केलेले नसल्यामुळे पहिल्या लॉटची सरासरी आणि एकत्रित सरासरी एकच असते, आणि त्यामुळे तिथे ७० हा कर्व्हचाच आकडा आहे असा भास होतो. पुढच्या पायरीवर तो भास टिकत नाही. पाहा:

पहिली ४० पॅनेल: सरासरी २५.५ च्या ८५ टक्के म्हणजे २१.६८, एकूण ८६७ तास. त्यातून झालेले ५१० वजा केले की पुढच्या २० पॅनेलना ३५७ तास उरतात, नगामागे १७.८५.

पहिली ८० पॅनेल: सरासरी १८.४२, एकूण सुमारे १,४७४ तास. त्यातून ८६७ वजा केले की शेवटच्या ४० ना ६०७ तास, नगामागे १५.१७.

म्हणजे साठांना मिळून ९६४ तास, सरासरी १६.०७. लॉटनिहाय आकडे ३०, २१, १७.८५, १५.१७ असे येतात. पहिली उडी ७० टक्क्यांची आहे आणि त्यानंतरच्या दोन्ही ८५ च्या आहेत. ग्राहकाने पहिली उडीच पुढे दोनदा वापरली. ११.७६ आणि १६.०७ यांच्यातला फरक साठ पॅनेलना सुमारे २५८ तासांचा होतो, म्हणजे तुमच्या दराने जवळपास ६४,६०० रुपये.

भोसरीकर

कॉस्टवाली, मनापासून धन्यवाद. हे मी ग्राहकासमोर जसेच्या तसे मांडू शकतो. मधल्या नगांसाठी, म्हणजे समजा ३५ व्या पॅनेलपर्यंतची सरासरी काढायची असेल, तर काय करावे?

कॉस्टवाली

त्यासाठी सूत्र वापरावे लागते. स्प्रेडशीटमध्ये ते एका ओळीत बसते. त्यात A(n) म्हणजे पहिल्या n नगांची सरासरी:

```
A(n) = A(1) * n^b
b = log(0.85) / log(2) = -0.2345
```

तुमच्या आकड्यांवरून A(1), म्हणजे पहिल्या एकट्या पॅनेलचे तास, सुमारे ५१.५ येतात. तुमच्या जॉबकार्डवर पहिल्या पॅनेलचे तास वेगळे लिहिलेले असतील तर या आकड्याशी जुळवून पाहा. ते ५१ च्या आसपास नसून समजा ८० निघाले, तर पहिल्या पॅनेलमध्ये शिकण्याखेरीज दुसरे काहीतरी मिसळले आहे असे समजावे.

गणितवेडा

वरचे उत्तर बरोबर आहे. मात्र एकत्रित सरासरीची पद्धत वापरण्यास माझा आक्षेप आहे. सरासरीत जुने नग कायम मिसळलेले राहत असल्यामुळे अलीकडे काय घडते आहे ते झाकले जाते. त्याऐवजी प्रत्येक नगाचे तास दुप्पट नगांमागे ठरावीक टक्क्याने उतरतात असे धरावे. क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत हीच आहे. तुमचेच ३०० आणि २१० या पद्धतीत बसवले, तर कर्व्ह ८२ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान येतो आणि पुढच्या साठांची सरासरी सुमारे १५.४ तास निघते. मी असतो तर १५.४ वर कोटेशन दिले असते.

कॉस्टवाली

गणितवेडा, दोन्ही पद्धती वापरात आहेत आणि दोन लॉटच्या आकड्यांवरून कोणती खरी ते सांगता येत नाही. एक काळजी मात्र घ्यावीच लागते: टक्केवारी ज्या पद्धतीने काढली त्याच पद्धतीने ती पुढे वापरावी. तुमचे ८२.५ टक्के माझ्या तक्त्यात घातले किंवा माझे ८५ तुमच्या सूत्रात घातले, तर उत्तर भलतेच येईल. ग्राहकाने साधारण हेच केले आहे.

सोलापूरची शिलाई

आमचे गणवेश शिवण्याचे काम आहे. नवीन मुलगी कामावर आली की सुरुवातीला तिचे नग फार कमी निघतात आणि काही आठवड्यांनी ती जुन्या मुलींच्या बरोबरीला येते. ती तयार होईपर्यंत आम्ही तिला नगावर पैसे न देता रोजावर ठेवतो. भोसरीकर, तुम्हीही नवे वायरमन आधी जुन्या मॉडेलवर तयार करून मग या कामावर घ्या, म्हणजे तुमचे तास आपोआप उतरतील.

जुना फिटर

ताई, तुम्ही सांगता तो एका माणसाचा हात बसण्याचा भाग आहे आणि तो खराच आहे. मात्र भोसरीकरांचे वायरमन आधीपासून तयार असावेत. नवे आहे ते पॅनेल. तयार वायरमनलासुद्धा नव्या पॅनेलला जास्त वेळ का लागतो, ते मी टेबलाजवळून सांगतो, कारण माझी उमेदीची वर्षे याच कामात गेली.

पहिल्या पॅनेलला वायरमन ड्रॉइंग पाहतो, एक वायर कापतो, दोन्ही टोके सोलतो, फेरूल घालतो, लग दाबतो, टर्मिनलला लावतो आणि पुन्हा ड्रॉइंगकडे वळतो. वायर तोकडी पडू नये म्हणून तो ती वीतभर जास्तच कापतो आणि ती जास्तीची वायर डक्टमध्ये कोंबण्यात आणखी वेळ जातो. तीन-चार पॅनेल झाली की कोणती वायर किती लांब लागते हे कळते आणि कोणीतरी त्याची यादी करतो. त्यानंतर सगळ्या वायरी एकदम कापल्या जातात, फेरूलही त्याच क्रमाने छापून घेतले जातात. आणखी काही पॅनेलनंतर प्लायवुडवर खिळे ठोकून हार्नेस बोर्ड तयार होतो. दरवाज्याकडे जाणारा वायरींचा गुच्छ त्याच्यावर बाहेरच बांधून थेट पॅनेलमध्ये बसवता येतो. दरवाजा उघडला की गुच्छ कुठे ताणला जातो, कुठे घासतो, तेही तोवर कळलेले असते.

यात हातांचा वेग थोडाच वाढला आहे. बहुतेक वेळ वाचला तो यादीमुळे, बोर्डमुळे आणि ड्रॉइंगकडे वळणे थांबल्यामुळे. म्हणून मला भोसरीकरांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हार्नेस बोर्ड झाला आहे का? आणि पहिल्या लॉटच्या ३०० तासांमध्ये ड्रॉइंगच्या चुकांपायी गेलेले तास धरलेले आहेत का?

भोसरीकर

जुना फिटर, बोर्ड दुसऱ्या लॉटच्या मध्यावर झाला. ड्रॉइंगबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये दोन टर्मिनल पट्ट्यांचे क्रमांक अदलाबदल झालेले होते आणि ग्लँड प्लेटची भोके जुन्या मॉडेलची होती. पहिली काही पॅनेल सोडवून पुन्हा जोडावी लागली. ते तास जॉबकार्डवर रीवर्क म्हणून वेगळे लिहिले आहेत आणि ते ३० भरतात. ड्रॉइंग सुधारून आले, त्यामुळे दुसऱ्या लॉटमध्ये असे काही झाले नाही.

पुणेरी परचेस

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे एका वाहन उद्योगाच्या खरेदी विभागात आहे, त्यामुळे आमची बाजूही मांडतो. ८० टक्के हा नियम जगभर मान्य आहे. विमाने असोत की जहाजे, जुळणीचे काम त्याच वेगाने उतरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या पहिल्या लिबर्टी जहाजाला २४४ दिवस लागले होते आणि वर्षभराच्या आत एक जहाज पाच दिवसांहून कमी वेळात पाण्यात उतरले. पुरवठादाराने पहिल्या लॉटच्या तासांवर अडून बसणे योग्य नव्हे. भोसरीकरांना ८५ टक्के पडत असतील, तर त्यांच्या कामाच्या पद्धतीतच सुधारणेला वाव आहे.

कॉस्टवाली

पुणेरी परचेस, ८० टक्के हा आकडा राइट यांना त्यांच्या काळातल्या विमानांच्या कामात सापडला. त्या कामात हाताने करायची जुळणी फार मोठी होती. जिथे वेळ यंत्र ठरवते तिथे कर्व्ह ९० किंवा ९५ पर्यंत सपाट होतो, कारण यंत्राला शिकायचे काही नसते. लिबर्टी जहाजांचे उदाहरण ठीक आहे, पण पाच दिवसांचे ते जहाज मुद्दाम आधी मोठाले भाग जोडून ठेवून, विक्रम दाखवण्यासाठी बांधलेले होते. ती नेहमीची गती नव्हती. शिवाय त्या गोद्यांमध्ये त्याच काळात भरपूर भांडवली गुंतवणूकही झाली, असे पुढच्या अभ्यासात दिसले आहे. पैसे घालून आणलेली घट शिकण्याच्या खात्यावर टाकता येत नाही. प्रत्येक कामाचा कर्व्ह त्याच कामाच्या जॉबकार्डवरून काढावा, दुसऱ्याचा उसना आणू नये.

आता जुन्या फिटरांनी विचारलेला रीवर्कचा प्रश्न, कारण माझ्या वरच्या उत्तरात त्यामुळे बदल होतो. ते ३० तास शिकण्याचे नव्हते, ग्राहकाच्या ड्रॉइंगचे होते, आणि ते पुन्हा येणार नाहीत. ते वगळले की पहिला लॉट २७० तासांचा होतो, सरासरी २७. वीसांचे एकूण ४८०, सरासरी २४. कर्व्ह ८५ चा न राहता जवळजवळ ८९ टक्क्यांचा होतो. पुढे चालवल्यास चाळिसांची सरासरी २१.३३ आणि ऐंशींची १८.९६ येते. ऐंशींचे एकूण १,५१७ मधून ४८० वजा केले की साठांना १,०३७ तास, म्हणजे नगामागे १७.३.

पहिल्या लॉटमधून तास कमी केले तर पुढचा अंदाज खाली यायला हवा असे सहज वाटते, पण तो वर जातो. कारण पहिला लॉट फुगलेला असेल तर दुसऱ्या लॉटपर्यंतची घट मोठी दिसते आणि आपण तीच घट पुढेही मिळेल असे धरून चालतो. पहिल्या लॉटच्या गोंधळाचे तास न वगळता कर्व्ह काढणारा पुरवठादार स्वतःच्याच दराखाली खड्डा खणतो.

गणितवेडा

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि माझे १५.४ मी मागे घेतो. आणखी एक शंका आहे. टेस्टिंगचा वेळ तर उतरणारच नाही. मेगर लावणे, प्रत्येक फीडर चालवून पाहणे, अहवाल लिहिणे याला पॅनेलमागे ठरावीक वेळ जातोच. तो वेगळा काढला तर?

कॉस्टवाली

काढून पाहिले. टेस्टिंगला पॅनेलमागे २ तास स्थिर धरले, तर हाताच्या कामाची सरासरी पहिल्या दहांना २५ आणि पहिल्या वीसांना २२ येते, म्हणजे ८८ टक्के. साठांचा अंदाज १५.४ अधिक २, म्हणजे १७.४ तास. ८० पॅनेलपर्यंत फरक नगण्य आहे. ऑर्डर ५०० पॅनेलची असती तर मात्र तो वेगळा काढणे भाग होते, कारण उतरत्या भागाच्या तुलनेत स्थिर भाग मोठा होत जातो.

वाळूजकर

साठ पॅनेल एका दमात करायची असतील तरच हे सगळे लागू होते, असे मला वाटते. आमच्याकडे मध्ये खंड पडला की तास परत वर जातात. भोसरीकर, ऑर्डर सलग आहे का?

भोसरीकर

चांगला प्रश्न विचारलात. ऑर्डर एकच आहे, पण माल तीन हप्त्यांत येणार आहे आणि मध्ये काही महिन्यांची अंतरे असतील असे ग्राहकाने तोंडी सांगितले आहे. शिवाय दुसऱ्या लॉटनंतर माझे दोन अनुभवी वायरमन चाकणला मोठ्या कारखान्यात गेले.

कॉस्टवाली

मग १७.३ हा आकडाही कमी पडण्याची शक्यता आहे. वाळूजकरांनी नेमक्या जागी बोट ठेवले. काम थांबले की शिकलेले विसरले जाते. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानाच्या उत्पादनाचा अभ्यास बेंकार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. १९७० च्या दशकात उत्पादन मंदावले, त्यानंतर नवे विमान बांधायला लागणारे श्रम पुन्हा वाढले, असे त्यात दिसते. आजवर किती विमाने झाली एवढेच मोजणारा कर्व्ह ही वाढ दाखवूच शकत नाही.

खंडाचा हिशेब करण्यासाठी अँडरलोर यांनी १९६९ साली मांडलेली एक पद्धत वापरली जाते. किती शिकणे गमावले ते पाच बाजूंनी पाहायचे: कामगार, पर्यवेक्षक, सलगता, कामाची पद्धत आणि हत्यारे. प्रत्येकाला वजन द्यायचे आणि एकूण तोटा टक्क्यांत काढायचा. तुमच्या बाबतीत ३० टक्के गमावले असे मी निव्वळ उदाहरणासाठी धरते, आणि आकडे पहिल्या ८५ टक्क्यांच्या कर्व्हचेच घेते. पहिल्या पॅनेलला ५१.५ तास होते आणि विसाव्याला सुमारे १९.६. म्हणजे शिकून कमावलेले ३२ तास. त्यातले ३० टक्के, म्हणजे साडेनऊच्या वर तास, परत चढतात. एकविसावे पॅनेल २९ तासांचे होईल, आणि तेवढे तास पूर्वी साधारण चौथ्या पॅनेलला लागले होते. थोडक्यात, तुम्ही कर्व्हवर चौथ्या नगापाशी परत जाता आणि तिथून ६० पॅनेल करता. सरासरी १६.०७ ऐवजी साडेअठरा येते. एका खंडाचा बोजा सुमारे १४५ तास.

जुना फिटर

कॉस्टवालीताई, चौथ्या पॅनेलपर्यंत मागे जाणे मला पटत नाही. माणसे गेली तरी वायरींची यादी आहे, हार्नेस बोर्ड भिंतीला टांगलेला आहे, ड्रॉइंग सुधारलेले आहे. चौथ्या पॅनेलच्या वेळी वायरमनकडे यातले काहीच नव्हते. जे शिकणे डोक्यात असते तेच माणसाबरोबर जाते. जे बोर्डावर उतरवलेले असते ते युनिटमध्येच राहते.

कॉस्टवाली

तुमचा आक्षेप योग्य आहे. म्हणूनच त्या पद्धतीत हत्यारे आणि कार्यपद्धती वेगळ्या मोजतात. बोर्ड जाग्यावर असेल तर त्या दोन बाजूंचा तोटा शून्य धरायचा. ३० टक्के जास्त असतील हे मला मान्य आहे. मात्र दोन वायरमन गेले आहेत आणि खंड महिन्यांचा आहे, त्यामुळे तोटा शून्य धरणे मी सुचवणार नाही. नेमका आकडा इथे बसून ठरवता येणार नाही. तो खंडानंतरच्या पहिल्या दोन-तीन पॅनेलच्या जॉबकार्डवरच कळेल.

पुणेरी परचेस

एक सूचना करतो. कोटेशनमध्ये दोन दर द्या: साठ पॅनेल सलग दिल्यास एक आणि तीन हप्त्यांत दिल्यास दुसरा. खंड पाडणारा आमचा विभाग असेल, तर त्याचा खर्च आमच्यासमोर लेखी आलेला बरा. तोंडी सांगितलेल्या अंतरांवर आम्ही कधीच दर वाढवून देत नाही, पण ऑर्डरच्या अटीत लिहिलेल्या अंतरावर देतो. आणि शक्य असल्यास जॉबकार्ड दाखवा. आमच्याकडे दुसरा आकडा नसतो, म्हणून आम्ही ७० किंवा ८० धरतो.

वाळूजकर

जॉबकार्ड दाखवण्याशी मी सहमत नाही. आज तास दाखवले की पुढच्या वर्षी ते उतरलेलेही दाखवावे लागतात आणि बोर्ड बनवायला घातलेल्या खर्चाचा सगळा फायदा ग्राहक घेऊन जातो. तास ही पुरवठादाराची खासगी बाब आहे.

सोलापूरची शिलाई

वाळूजकरांचे म्हणणे मला पटते. आमच्याकडे नगाचा दर एकदा खाली आला की तो पुन्हा वर जात नाही, मग कापड कितीही अवघड असो.

पुणेरी परचेस

बोर्डचा खर्च पुरवठादाराने केला असेल तर त्याची वाटणी आधी ठरवावी, हे योग्यच आहे. पण तास लपवल्यास पहिल्या लॉटचे ३० रीवर्क तास ग्राहकाच्या ड्रॉइंगमुळे गेले, हे तुम्ही सिद्ध तरी कसे करणार?

भोसरीकर

सर्वांचे आभार. मी असे ठरवले आहे: सलग ६० साठी १७.३ तासांवर, म्हणजे पॅनेलमागे ४,३२५ रुपये. ग्राहकाच्या ११.७६ तासांनी ते २,९४० होत होते. तीन हप्त्यांत द्यायची असल्यास प्रत्येक खंडानंतरच्या पहिल्या काही पॅनेलना वेगळा वाढीव दर. रीवर्कच्या ३० तासांची जॉबकार्डे जोडणार आहे, बाकीची नाहीत. आता एकच प्रश्न उरतो. ग्राहकाने आग्रह धरला की आमचा कर्व्ह ७० चाच आहे, तर साठ पॅनेल संपेपर्यंत थांबावे लागेल का?

कॉस्टवाली

थांबावे लागणार नाही. पुढच्या २० पॅनेलवरच ते स्पष्ट होईल, अट एवढीच की ती सलग व्हावीत. ग्राहकाच्या गणिताने त्यांना नगामागे १४.७० तास लागायला हवेत. रीवर्क न वगळलेल्या माझ्या कर्व्हने १७.८५ आणि वगळलेल्याने १८.६७. माझ्या दोन आकड्यांमधला फरक तासाभराहूनही कमी आहे, तो एखाद्या आजारी वायरमनमुळेही पुसला जाईल, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नका. १४.७० आणि १७.८५ यांच्यातला तीन तासांचा फरक मात्र २० पॅनेलच्या सरासरीत सहज दिसतो. म्हणून कोटेशनमध्ये लिहा, की या ऑर्डरच्या पहिल्या २० पॅनेलनंतर दोन्ही बाजू जॉबकार्ड पाहतील आणि उरलेल्या ४० चा दर त्यावर ठरेल. त्या २० पॅनेलचे तास दर पाच पॅनेलमागे वेगळे लिहा आणि टेस्टिंगचे तास सुटे ठेवा.

जुना फिटर

आणि जॉबकार्डवर वायरमनचे नावही लिहा. नव्या माणसाची पॅनेल आणि जुन्या माणसाची पॅनेल एकाच सरासरीत गेली, तर तास खंडामुळे वाढले की माणसामुळे, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.